पावसाळ्यातली चाचणी

भावना तामोरेला घाणीची किळस कधी आलीच नाही. तारापूरच्या बाजूला समुद्राकाठच्या गावात ती वाढली. दारासमोर बांबूंवर बोंबील वाळत असायचे, मागच्या अंगणात सुकट पसरलेली असायची. पालघरला कॉलेजात जायला लागल्यावर बाकावरच्या मुली तिच्यापासून हलकेच सरकून बसायच्या. ती आपली ओढणी हुंगायची, तिला काहीच वास यायचा नाही, आणि मग ती वही उघडायची. शिक्षण संपवून तिनं बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी धरली. तिथं पहिली काही वर्षं तिचं काम म्हणजे सांडपाण्याच्या टाक्यांवर बसवलेली मोजमापाची यंत्रं पुसणं. रंगाच्या कारखान्यांतून येणारं ते पाणी कधी जांभळं, कधी गंजाच्या रंगाचं असायचं. कोपरापर्यंत रबरी हातमोजे चढवून ती यंत्रावरचा बुळबुळीत थर खरवडायची आणि तासाभरानं त्याच हातांनी, धुतलेल्या अर्थात, डबा उघडून मांदेलीचं कालवण जेवायची.

सोबतच्या मुली विचारायच्या, "तुला कसंतरी होत नाही का गं?"

"पाण्याला होऊ दे कसंतरी, मला कशाला?" असं म्हणून ती जेवत राहायची.

किळस म्हणजे काय ते तिला खूप पुढं कळलं. ते एका थंडगार खोलीत घडलं. तिथं भिंतीवरच्या यंत्रातून दर थोड्या वेळानं मोगऱ्याच्या वासाचा फवारा उडायचा.

ही खोली तिच्या आताच्या कंपनीची. कंपनी छोटी, बोईसरलाच. तिथं एकच वस्तू तयार होत होती, 'राखण' नावाची. काडेपेटीपेक्षा जरा मोठी, छातीला चिमट्यानं अडकवायची डबी. सांडपाण्याच्या टाक्यांत, गाळात एक वायू साठतो. हायड्रोजन सल्फाइड. त्याला सडक्या अंड्यांसारखा वास येतो, पण तो थोडा असेल तेव्हाच. प्रमाण वाढलं की माणसाचं नाकच बधिर होतं. वास गेला म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि तिथंच कोसळतो. 'राखण'नं तो वायू ओळखून वेळेवर ओरडायचं, छातीवर थरथरायचं, एवढंच तिचं काम. आत टाकीत उतरणाऱ्या प्रत्येक माणसाला परवडेल अशी ती स्वस्त होती. भावनाला तिचा अभिमान होता. 'प्रॉडक्ट मॅनेजर' या हुद्द्याचा अर्थ तिला घरी कधी नीट समजावता आला नाही. वस्तू बनवणारे इंजिनिअर वेगळे, विकणारे वेगळे. वस्तू कुणासाठी आहे, तिनं काय करायला हवं आणि ती खरोखर तयार झाली आहे की नाही, हे सांगायची जबाबदारी भावनाची.

आईनं, येसूबाईनं, याचा आपल्यापुरता अर्थ लावला होता. उमरोळीच्या भाड्याच्या घरी शेजारीण आली की ती सांगायची, "आमची भावना नाय म्हणाचा पगार घेते."

मे महिन्यात 'राखण'ची पहिली मैदानी चाचणी झाली. वसाहतीतल्या एका रंग-कारखान्यानं सांडपाण्याच्या प्लांटवर दहा-बारा डब्या वापरून बघायला परवानगी दिली. तिथं उतरणारी माणसं ठेकेदाराची होती, बहुतेक मासवणकडच्या पाड्यांवरून आलेली. शेतीचा हंगाम नसला की ती इथं येत. त्यांतला जिवल्या सगळ्यांत जुना. कारखान्याचा सुरक्षा अधिकारी प्रदीप परमिट लिहिल्याशिवाय कुणाला खाली सोडत नसे. त्याच्याकडे भाड्यानं आणलेलं एक मोठं मीटर होतं. त्याची लांब नळी टाकीत सोडायची, आधी वर, मग मधे, मग तळाशी. पंप हवा खेचून घेतो आणि आकडा वर दिसतो. आकडा दहाच्या वर असला तर कुणी उतरायचं नाही. चाचणीच्या काळात माणूस त्या मीटरच्या भरवशावरच उतरायचा. 'राखण' छातीवर असायची ती पाहुणी म्हणून.

दोन आठवडे कार्यालयातल्या पडद्यावर हिरवे ठिपके दिसत राहिले. एकदाही गजर नाही.

विक्रीप्रमुख निमेश त्या पडद्याचे फोटो काढून सगळ्यांना पाठवायचा. "एकही खोटा गजर नाही, बॉस. एकही नाही. बाजारातल्या महागड्या मशीन दिवसातून चार वेळा बोंबलतात."

भावनाला तेवढी शांतता पटत नव्हती. मोठं मीटर मधूनमधून सात-आठ दाखवतं, हे तिनं प्रदीपच्या परमिटांवर वाचलं होतं. तेव्हा 'राखण'नं ओरडायचं नव्हतं हे खरं, पण तिच्या नोंदीत निदान पाच-सहा तरी उमटायला हवे होते. सुरुवातीच्या दिवसांत ते उमटलेही होते. शेवटच्या आठवड्यात सगळीकडे शून्य होतं.

डब्या परत घ्यायला ती स्वतः गेली. त्या आठवड्यात वळवाच्या सरी पडून गेल्या होत्या, प्लांटवर चिखल होता. जिवल्यानं पत्र्याच्या शेडमधून एक घमेलं आणलं आणि तिच्यापुढं ठेवलं. त्यात सगळ्या डब्या होत्या. प्रत्येक डबी दुधाच्या पिशवीच्या तुकड्यात नीट गुंडाळलेली, वरून रबर लावलेलं. एकदोन तर दुहेरी गुंडाळल्या होत्या.

"हे कुणी केलं?"

"मीच केलाय, ताई. मोबाइलला घालतो ना पावसाचा, तसा. एकपण भिजली नाय."

"आणि टाकीत उतरताना काढायचात का पिशवी?"

जिवल्यानं तिच्याकडे जरा कीव केल्यासारखं पाहिलं. "टाकीत तर जास्ती भिजंल. तितं कशी काढाची?"

"सांगितलं कुणी?"

"सायब बोलला, खराब झाली तर पगारातना कापंन. मंग आमी जपली."

तो साहेब म्हणजे ठेकेदार. भावनानं एक डबी हातात घेऊन वरचं रबर चाचपलं. पावसाळा जवळ आला की या पट्ट्यातला प्रत्येक माणूस, ती स्वतःसुद्धा, फोनला प्लॅस्टिक घालतो. हे तिच्या घरात घडत होतं आणि तिनं तयार केलेल्या वस्तूच्या बाबतीत तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. तिनं एक डबी तशीच पिशवीसकट प्रयोगशाळेत नेली. तपासणीसाठी ठेवलेल्या सिलिंडरमधून तिच्यावर मोजून वायू सोडला. पडद्यावर शून्य. पिशवी काढली, डबी पुन्हा धरली. आकडा चढला, डबी ओरडली.

पुढची शंका मग आपोआप आली. वायू आत जायला 'राखण'च्या तोंडाशी एक पातळ पडदा असतो. तो वायू आत घेतो, पाणी बाहेर ठेवतो. त्या पडद्यावरच पाण्याची वाफ जमली तर? तिनं डब्या रात्रभर दमट पेटीत ठेवल्या आणि सकाळी वायू सोडला. काही डब्या उशिरा ओरडल्या. दोन डब्या ओरडल्याच नाहीत. दोन्हींवर हिरवा ठिपका होता. टाकीत वायू नाही म्हणून शून्य आणि डबी बहिरी झाली म्हणून शून्य, यांतला फरक 'राखण'ला सांगता येत नव्हता.

त्याच दिवशी दुपारी निमेशनं जाहीर केलं की जुलैच्या सुरुवातीला पायलट सुरू. मुंबईत सुरक्षा साधनांचं मोठं प्रदर्शन होतं, गुंतवणूकदार यायचे होते, आणि 'पायलट सुरू आहे' असं तिथं सांगता यायला हवं होतं. पायलट म्हणजे कारखान्यानं भाड्याचं मोठं मीटर परत करायचं आणि 'राखण'वर काम चालवायचं. भाडं वाचतं म्हणूनच कारखाना तयार झाला होता.

भावनानं वरिष्ठांना पत्र लिहायचं ठरवलं. ते इंग्रजीत लिहायचं होतं, पण पहिला कच्चा खर्डा तिनं स्वयंपाकघरातल्या ओट्याशी उभं राहून मराठीतच लिहिला. तिला वाटत होतं, आपल्या भाषेत लिहिताना लपवाछपवी लगेच दिसते. आई भाकऱ्या थापत होती.

"काय लिवतंस येवडा?"

"साहेबांना पत्र."

"लग्नाच्या पत्रिकेला येवडा येल नाय लागत."

"लग्न मोडायचं पत्र आहे, आई."

"कोनाचा?"

"यंत्राचं. थोडं पुढं ढकलायचंय."

"मंग असा बोल ना," येसूबाई म्हणाली, आणि भाकरी तव्यावर टाकली.

पत्र शेवटी असं झालं:

'श्री. विपुल सर यांस,

'राखण'चा पायलट जुलैऐवजी सप्टेंबरमध्ये सुरू करावा आणि तोवरचा पावसाळा चाचणीसाठी वापरू द्यावा, ही विनंती.

आपल्याला काय माहीत आहे: कोरड्या हवेत, प्रयोगशाळेत आणि मे महिन्यातल्या पहिल्या दिवसांत यंत्र ठरल्याप्रमाणे चालतं.

आपल्याला काय माहीत नाही: पावसात ते किती काळ चालतं. दमट पेटीतल्या तपासणीत दोन डब्यांनी वायू ओळखला नाही आणि बिघाडही दाखवला नाही. मैदानी चाचणीच्या शेवटच्या आठवड्यात कामगारांनी डब्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळल्या होत्या. म्हणून त्या आठवड्याची नोंद पुरावा म्हणून वापरता येणार नाही. त्यांनी त्या वस्तू जपण्यासाठी गुंडाळल्या. दोष त्यांचा नाही, आपण तसं काही गृहीतच धरलं नव्हतं.

मी काय मागते आहे: ऑगस्टअखेरपर्यंत चाचणी. त्या काळात मोठं मीटर जागेवर राहील आणि माणूस त्याच्याच आकड्यावर उतरेल. प्रत्येक पाळीच्या आधी प्रत्येक डबीवर तपासणीचा वायू सोडून पाहिला जाईल. दोन्हींचे आकडे शेजारी नोंदले जातील. इंजिनिअर डबीच्या तोंडाशी असलेल्या पातळ पडद्याची रचना बदलून बघतील.

केव्हा पुढं जायचं: सलग चार आठवडे ओल्या हवेत एकही डबी गप्प राहिली नाही तर. एक जरी गप्प राहिली तर नाही.

याला खर्च आहे आणि प्रदर्शन हातचं जाईल, हे मला माहीत आहे. पण पायलटमध्ये मोठं मीटर निघून जाणार आहे. त्यानंतर खाली उतरणाऱ्या माणसाकडे आपल्या शून्याखेरीज काही नसेल.

भावना तामोरे'

बैठक त्या मोगऱ्याच्या खोलीत झाली. विपुल सर कंपनीचे मालक. माणूस गोड बोलणारा. समोर ढोकळ्याची प्लेट होती.

"भावना, काय लिहिलंय. मी घरी बायकोला वाचून दाखवलं. शेवटचं वाक्य तर एकदम अंगावर येतं."

"थँक यू, सर. मग मुदत मिळेल?"

"तेच बोलू ना. निमेश, तू सांग."

निमेश खुर्चीत मागे रेलला. "माझा साधा प्रश्न आहे. पायलट म्हणजेच टेस्टिंग ना? तू टेस्टिंग मागतेस, मी टेस्टिंग देतोय. मोठं टेस्टिंग देतोय."

"चाचणीत माणूस मोठ्या मीटरच्या शब्दावर खाली उतरतो, आपण सोबत असतो. पायलटमध्ये तो आपल्या शब्दावर उतरेल. एवढाच फरक आहे."

"अरे पण प्लॅस्टिक घालू नका, एवढंच सांगायचंय ना? स्टिकर लावू. मोठा, पिवळा."

"कुठल्या भाषेत?"

"इंग्रजी, हिंदी."

"त्यांतल्या निम्म्यांना वाचता येत नाही. आणि ज्यांना येतं त्यांना ठेकेदार पगार कापायची भीती घालतो. शिवाय प्लॅस्टिक काढलं तरी ओल आहेच."

"ओल तर सगळीकडेच आहे," निमेश म्हणाला. "माझ्या कपाटात चामड्याचे बूट बुरशीनं हिरवे झालेत. म्हणून काय पावसाळ्यात धंदा बंद?"

विपुल सर हसले. भावनाला ढोकळ्याकडे बघवेना. आजवर तिनं गाळात हात घातले होते, मेलेल्या माशांनी भरलेला नाला पाहिला होता. पण त्या खोलीत मोगऱ्याच्या वासाखाली काहीतरी गोडसर, नासत चाललेलं असल्यासारखं तिला वाटलं. ते कशातून येतंय हे सांगता येत नव्हतं. कुणाच्या आवाजात चढ नव्हता. कुणी तिला गप्प बस म्हणत नव्हतं. सगळे तिची स्तुती करत होते.

"तुझी काळजी आम्ही नोंदवून घेतली," विपुल सर म्हणाले. "पूर्णपणे. हे पत्र आपण फाइलला लावू. पायलट ठरल्याप्रमाणे."

"आणि तयार आहे म्हणून सही कोण करणार, सर?"

"ती तर तुझीच लागते ना, नियमाप्रमाणे."

"मी करणार नाही."

"आज नको करूस," ते प्रेमानं म्हणाले. "विचार कर. ढोकळा घे."

ती न खाता उठली. बाहेर येऊन बेसिनवर हात धुतले, पुन्हा एकदा धुतले. वसाहतीतल्या रस्त्यावर गटारावरून पिवळट फेस वाहत होता. तिनं नाक उघडं ठेवून खोल श्वास घेतला आणि स्कूटरला किक मारली.

चार-पाच दिवसांनी प्रदीपचा फोन आला. आवाजात नेहमीचा कंटाळा होता.

"मॅडम, तुमचं पत्र मिळालं. झकास. पण खाली सही नाही. आमच्याकडे ऑडिट आहे, बिनसहीचा कागद मला चालत नाही."

"कुठलं पत्र?"

"अहो तुमचंच. 'राखण'च्या सुरक्षेचा आढावा. निमेश साहेबांनी पाठवलंय."

तिनं ते मागवून घेतलं. वर तिचं नाव होतं, हुद्दा होता. मजकूर तिचाच होता, शब्दाला शब्द: कोरड्या हवेत, प्रयोगशाळेत आणि मे महिन्यातल्या पहिल्या दिवसांत यंत्र ठरल्याप्रमाणे चालतं. त्यापुढे एक ओळ निमेशची होती, की कामगारांना वापराबद्दल सूचना देण्यात येतील आणि जोखमीचा आढावा प्रॉडक्ट मॅनेजरनं पूर्ण केला आहे. बाकी सगळं कापलेलं. तिच्या पत्राचं डोकं ठेवून धड फेकून दिलं होतं.

ती निमेशच्या टेबलाशी गेली. तो फोनवर होता, त्यानं बोटानं थांब म्हटलं. ती थांबली.

"माझ्या नावानं काय पाठवलंस?"

"सारांश," तो म्हणाला. "क्लायंट एवढं लांबलचक वाचत नाही गं. त्यात चुकीचं एक वाक्य दाखव."

तिनं दाखवायला कागद हातात घेतला आणि खाली ठेवला. चुकीचं एकही वाक्य नव्हतं. तिला तोंडावर हात धरून दाराकडे जावं लागलं.

"ताप आहे का?" निमेशनं मागून विचारलं. "घरी जा, आराम कर."

ती घरी गेली नाही. प्रदीपच्या कारखान्यावर गेली. सुरक्षा कार्यालयात ओली हेल्मेटं ओळीनं टांगली होती. प्रदीपनं चहा मागवला. तिनं तिचं पूर्ण पत्र त्याच्यासमोर ठेवलं. कंपनीचा आतला कागद बाहेर दाखवल्यानं नोकरी जाऊ शकते, हे तिला ठाऊक होतं.

त्यानं वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना त्याचा चेहरा आंबट होत गेला. भावनाला क्षणभर वाटलं, चला, एक माणूस भेटला.

"मॅडम, हे मला कशाला दाखवलंत?"

"तुमची माणसं उतरणार आहेत ना."

"ठेकेदाराची माणसं," त्यानं दुरुस्ती केली. "ते सोडा. आता मला हे माहीत झालं. उद्या कुणाला काही झालं तर पहिला प्रश्न मला: प्रदीपराव, तुम्हाला माहीत होतं का? काल विचारलं असतं तर मी छातीठोकपणे नाही म्हटलं असतं. तुम्ही आज माझ्या गळ्यात आणून बांधलंत."

"म्हणून तरी मीटर परत करू नका."

"नाहीच करत. मरायचंय का मला?" तो चिडून म्हणाला. मरण त्याच्या बोलण्यात पहिल्यांदाच आलं होतं, आणि ते त्याचं स्वतःचं होतं. "मी लिहून देतो. तुमच्या सहीशिवाय 'राखण' माझ्या परमिटवर येणार नाही. पावसाळाभर मोठं मीटर इथंच. भाडं कोण भरणार ते तुमच्या साहेबांनी बघायचं, आमची कंपनी भरणार नाही. आणि हे पत्र मी पाहिलेलं नाही. तुमची सही नाही एवढंच मला दिसलं. समजलं?"

तिला समजलं. हवं होतं ते मिळालं होतं. पण चहाचा कप तिनं बाजूला सारला, आणि साखर कमी-जास्त असण्याशी त्याचा काही संबंध नव्हता.

प्रदीपचं पत्र गेलं आणि दोन दिवसांत कंपनीत सगळ्यांना विपुल सरांचा निरोप आला. सुरक्षेच्या बाबतीत आपण तडजोड करत नाही, म्हणून कंपनीनं स्वतःहून 'राखण'ची चाचणी ऑगस्टअखेरपर्यंत वाढवायचं ठरवलं आहे. आपल्या भावना तामोरे यांनी लिहिलेल्या हृदयस्पर्शी पत्रातून हा विचार पुढे आला. मीटरचं भाडं कंपनी भरेल. खाली टाळ्यांची चिन्हं होती. पहिली टाळी निमेशची.

त्यानं हे फेसबुकवर, लिंक्डइनवर सगळीकडे टाकलं. प्रदर्शनात 'राखण'चा स्टॉल लागलाच. तिथं 'पायलट सुरू आहे'च्या जागी 'वाढीव सुरक्षा चाचणी सुरू आहे' असा फलक होता, आणि निमेशच्या म्हणण्याप्रमाणे लोकांना तो जास्त आवडला.

येसूबाईला शेजारणीच्या मुलीनं ती पोस्ट वाचून दाखवली. "तुजा नाव आलाय," ती लेकीला म्हणाली. "चांगला झाला ना? मंग तोंड असा का?"

"झालं चांगलं."

"मासा नासलाय का बगताना करतंस तसा करून ऱ्हायलंस."

भावना हसली. पण ताटातलं तिनं अर्धं ठेवलं.

चाचणीच्या पहिल्या ओल्या दिवशी निमेशही प्लांटवर आला. त्याला फोटो हवे होते. पाऊस एकसारखा लागला होता. टाकीतला पंप गाळानं बसला होता आणि तो मोकळा करायला जिवल्याला खाली उतरायचं होतं. तो कमरेला पट्टा बांधून काठावर उभा होता. निमेशनं 'राखण' त्याच्या रेनकोटवर, छातीशी, कंपनीचं नाव दिसेल अशी अडकवली.

"जरा हसा."

जिवल्या हसला. फोटो झाला. मग भावनानं ती डबी त्याच्या छातीवरून काढून घेतली. आधी तिच्यावर तपासणीचा वायू सोडला. ती ओरडली. मग जाळीच्या पिशवीत घालून तिनं ती मोठ्या मीटरच्या नळीच्या टोकाशी बांधली. नळी आणि डबी दोन्ही एकदमच टाकीत उतरली. वरून पाणी झरत होतं, आतून उबट वाफ येत होती. मधल्या पातळीवर भावनानं नळी बराच वेळ धरून ठेवली. मग तळाशी सोडली. प्रदीप मीटरकडे बघत होता.

"सत्तावीस," तो म्हणाला.

सगळे खालून येणारा गजर ऐकायला थांबले. पावसाचा आवाज येत होता. भावनानं वेळ जाऊ दिला, मग आणखी जाऊ दिला. नळी वर ओढली. डबी भिजून काळी दिसत होती, तिच्यावर हिरवा ठिपका होता. तिनं नोंद उघडली. पूर्ण वेळ शून्य.

निमेश रुमालानं नाक दाबून जवळ आला. "अजून एकदा सोड ना. बांधताना वाकडी बसली असेल."

"सोडते. आधी हे लिहिते."

तिनं दोन्ही आकडे शेजारी लिहिले, आणि प्रदीपला सही करायला लावली. त्यानं निमूट केली. परमिटवर 'प्रवेश नाही' असं लिहिलं.

जिवल्या अजून पट्टा बांधलेलाच होता. "मंग आज नाय उतराचा?"

"नाही. हवा खेळवून आकडा खाली आल्याशिवाय नाही."

"हाजरी भरंल ना पन?" त्यानं तिला विचारलं, मग प्रदीपकडे पाहिलं. "गेल्या टायमाला परत धाडला तवा सायबानं खाडा लावला. म्हणून हे नसले का आमी थांबत नाय."

प्रदीप दुसरीकडे बघू लागला. "ते ठेकेदाराचं आहे."

भावनानं परमिटचा कागद पुन्हा त्याच्यापुढे धरला. "यावर लिहा. काम सुरक्षेसाठी थांबवलं, हजेरी पूर्ण. तुम्ही लिहिलंत तर ठेकेदाराला खाडा लावता येणार नाही."

"हे चाचणीत कुठं येतं, मॅडम?"

"थांबला की खाडा, म्हणून हा माणूस आकडा न बघता उतरतो. मग माझी डबी ओरडली काय आणि नाही काय."

प्रदीपनं पेन घेतलं. कागदावर पावसाचे थेंब पडत होते, त्यानं हाताचा आडोसा केला आणि ते वाक्य लिहिलं. जिवल्यानं कमरेचा पट्टा सोडला, शेडखाली जाऊन बसला आणि तंबाखूची पुडी काढली. भावना दुसरी डबी जाळीत बांधू लागली.

निमेशचे बूट घोट्यापर्यंत काळ्या चिखलात होते. टाकीतून पुन्हा एक उबट लाट वर आली आणि त्यानं तोंड फिरवलं.

"शी," तो रुमालातून म्हणाला. "किती वेळ हे?"

"ऑगस्ट संपेपर्यंत," भावना म्हणाली, आणि नळी खाली सोडली.